मदत हवी आहे: प्रायमिंगनंतर पंप थोडा वेळ नीट चालतो, मग खडीसारखा आवाज. सक्शनचा घोळ की पंपच चुकला?

कुंडईवाला
कुंडईच्या वसाहतीत आमच्या कारखान्यात कूलिंग टॉवरसाठी नवा पंप बसवलाय. 20 एचपी, ताशी 120 घनमीटर. प्रायमिंग करून चालू केला की वीसेक मिनिटं झकास चालतो. मग आत खडी फिरल्यासारखा आवाज येतो, डिस्चार्जचा गेज 3 किलोवरून नाचत नाचत 2 वर येतो आणि अँपिअर 26 वरून 21. बंद करून परत प्रायमिंग केलं की पुन्हा ठीक. ठेकेदार म्हणतो कॅव्हिटेशन आहे, मोठा पंप घ्या. सक्शनला एक्सेंट्रिक रिड्युसर लावलेला आहे, म्हणजे ती बाजू बरोबर असणार. साहेब रोज विचारतायत, लवकर सांगा.

अंत्रुजकर
सरळ पाइप किती आहे? सक्शनला 10 डी पाहिजे म्हणजे पाहिजेच. नसेल तर पुढचं काही बोलू नका.

कुळागरी
आमच्या सत्तरीतल्या कुळागरात अगदी हेच झालं होतं. फूट व्हॉल्व्हच्या चामड्याखाली सुपारीची साल अडकली होती. व्हॉल्व्ह काढा आणि धुवा. पाच एचपीचा मोनोब्लॉक आहे, आता मस्त चालतो.

जुना फिटर
कुळागरी भाई, फूट व्हॉल्व्ह गळत असता तर पंप बंद असताना पाणी उतरलं असतं. यांचं पाणी पंप चालू असताना बिघडतंय.

कुंडईवाले, तुम्ही मुख्य गोष्टच सांगितली नाही. पाणी पंपाच्या वर आहे की खाली? किती खाली? नोझल केवढा, लाइन केवढी? आणि रिड्युसरची सपाट बाजू वर आहे की खाली? एक्सेंट्रिक आहे एवढ्यावर काही ठरत नाही.

कुंडईवाला
टाकी जमिनीखाली आहे, पाणी पंपाच्या सेंटरपासून साधारण साडेतीन मीटर खाली. लाइन 200, नोझल 125. सपाट बाजू खाली आहे. ठेकेदार म्हणाला, असं केलं की पाइप सपोर्टवर सरळ बसतो. एल्बो आणि रिड्युसरच्या मध्ये फूटभर पाइप आहे, जास्त जागा नाही. इम्पेलर उघडून बघितला, कुठेही खड्डे नाहीत.

अंत्रुजकर
झालं! सपाट बाजू नेहमी वर. हा नियम आहे, त्याला अपवाद नाही.

जुना फिटर
इथे वरच पाहिजे, पण "नेहमी" म्हणू नका. टाकी डोक्यावर असेल आणि पाइप सरळ खाली उतरून एल्बोने लगेच पंपात शिरत असेल, तर सपाट बाजू खाली ठेवतात. तिथे बुडबुडे उभ्या पाइपातून उलटे टाकीत चढतात. यांची लाइन खालून येतेय, हवेला मागे जायला वाट नाही.

आता यांच्याकडे काय होतं ते बघा. 200 मधून 125 वर येताना सपाट बाजू खाली असेल तर मोठ्या पाइपाचा माथा नोझलच्या माथ्यापेक्षा 75 मिमी वर राहतो. साधा कॉन्सेंट्रिक लावला असता तर खिसा निम्मा, सदतीस-अडतीस मिमी झाला असता. उलटा एक्सेंट्रिक त्याहून वाईट. प्रायमिंग करताना केसिंगच्या वेंटमधून पाणी आलं म्हणजे सगळं भरलं असं वाटतं, पण या खिशातली हवा नोझलखालून बाहेर पडूच शकत नाही.

पंप चालू झाला की तिथे व्हॅक्यूम येतो. साडेतीन मीटर उचल आणि साधारण 0.8 मीटर घर्षण धरलं तर 10.3 मीटरपैकी 6 उरतात. म्हणजे तीच हवा फुगून पावणेदोनपट होते. शिवाय कमी दाबाला पाण्यात विरघळलेली हवा सुटून तिच्यात भर घालते. खिसा भरला की गोळा सुटून इम्पेलरमध्ये जातो. तुमची वीस मिनिटं ती.

पणजीचा पाऊस
मग रिड्युसरच्या वर एक ऑटोमॅटिक एअर व्हॉल्व्ह बसवा. हवा आपोआप जाईल. पाचशे-हजारात काम.

जुना फिटर
आत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी आहे. व्हॉल्व्ह उघडला की हवा आत येईल, बाहेर जाणार नाही. डिस्चार्जला चालतो, उचलणाऱ्या सक्शनला नाही.

अंत्रुजकर
पण कॅव्हिटेशन नाही हे तुम्ही कशावरून म्हणता? आवाज खडीसारखाच येतोय.

जुना फिटर
हिशोब करा. 10.3 वजा 3.5 वजा 0.8, आणि 30 अंशाला बाष्पदाबाचे 0.4. साडेपाच मीटर उरतात. असल्या पंपाला सहसा एवढं लागत नाही, पण कर्व्हवर बघून खात्री करा. खड्डे नाहीत यावर मात्र विसंबू नका, नव्या पंपाला खड्डे पडायला वेळ लागतो.

साधी परीक्षा म्हणजे, आवाज सुरू झाला की डिस्चार्ज व्हॉल्व्ह निम्मा बंद करा. कॅव्हिटेशन असेल तर प्रवाह घटल्याबरोबर आवाज उतरतो. हवा असेल तर उतरत नाही, कधी वाढतो, कारण कमी प्रवाहात हवा पुढे रेटली जात नाही.

कुंडईवाला
केलं. आवाज तसाच, गेज जास्तच नाचायला लागला. आता फक्त रिड्युसर फिरवू का? फ्लँजचा आहे. आणखी एक, आडव्या पाइपाला फिटरने पंपाकडे थोडा उतार दिलाय, पाणी पंपाकडे जावं म्हणून. चालेल ना?

जुना फिटर
हे आधी सांगायचं! उताराने गटार वाहतं, सक्शन नाही. पाइप टाकीपासून पंपापर्यंत सतत चढता पाहिजे, नाहीतर टाकीकडच्या एल्बोत दुसरा खिसा तयार होतो.

फिरवताना एक लक्षात ठेवा. रिड्युसर उलटा झाला की मोठ्या पाइपाचं सेंटर 75 मिमी खाली जातं. म्हणजे पंपाकडचा सपोर्ट तेवढा खाली घ्या आणि टाकीकडचा त्याहून थोडा जास्त, की चढ आपोआप मिळेल. आधी पाइप जुळवा, मग बोल्ट घाला. बोल्टांनी पाइप ओढून आणलात तर कपलिंग आउट होईल.

अंत्रुजकर
आणि सरळ लांबी? फूटभर म्हणजे दीड डी. माझं 10 डी चं म्हणणं अजून तिथेच आहे.

जुना फिटर
मिळाली तर उत्तमच. पण हा एंड सक्शन पंप आहे, लाँग रेडियस एल्बो आणि मध्ये थोडा सरळ पाइप असेल तर बहुतेक वेळा निभतं. स्प्लिट केसिंगचा असता तर मीही अडून बसलो असतो. त्यात एल्बो शाफ्टच्या समांतर वळला की इम्पेलरच्या एका बाजूला पाणी जास्त जातं आणि बेअरिंग जातात.

अंत्रुजकर
रिड्युसरनंतर नोझलच्या मापाचा सरळ तुकडा हवा, निदान 2 डी. एका पंपाच्या पुस्तिकेत मी वाचलंय.

जुना फिटर
मी नेहमी रिड्युसर नोझललाच लावतो. पुस्तिका वेगळं म्हणत असेल तर पुस्तिकेप्रमाणे करा.

कुळागरी
चामडं बघितलं का पण?

कुंडईवाला
रिड्युसर फिरवला, सपोर्ट उतरवले. टाकी भरलेली असताना पूर्ण शिफ्ट चालला, अँपिअर 26 वर स्थिर. टाकी निम्मी झाली की मात्र अजून मधूनच खर्रकन आवाज येतो.

जुना फिटर
तो वेगळा रोग दिसतोय. पाणी निम्मं असताना फूट व्हॉल्व्हच्या वर किती राहतं? झाकण उघडून टॉर्च मारा, पाण्यावर भोवरा दिसतो का. आणि ग्लँडवर पाणी सोडून बघा, आवाज थांबला तर हवा तिथून ओढतोय.

कुंडईवाला
ग्लँडवर पाणी सोडलं, फरक नाही. झाकण रविवारी शटडाऊनमध्येच उघडता येईल. माप तेव्हा टाकतो.