मालक म्हणतात, ‘कुणी जाणार नाही’ असं सांगा. सांगू का?

नवा_सल्लागार: गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीत स्टोअर्स आणि डिस्पॅचची घडी नव्याने बसवायचं काम मिळालंय. सोमवारी तिथल्या 34 जणांपुढे स्वतःची ओळख करून द्यायचीय. नोकऱ्या जाणार अशी कुजबुज आधीच सुरू आहे. मालक म्हणतात, ‘कुणी जाणार नाही’ असं सांगून टाका. सांगू का?

पन्हाळा_रोड: बिनधास्त सांगा. माणसं घाबरली की माहिती दडवतात. तसंही कायम कामगाराला कायद्याने काढताच येत नाही.

निवृत्त_एचआर: येतं की. एक महिन्याची नोटीस, नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार, आणि शेवटी लागलेला आधी बाहेर. मोठ्या कारखान्याला सरकारची परवानगीही लागते. ठेकेदाराच्या पोरांना मात्र उद्या गेटवरूनच परत पाठवतील. 34 मध्ये ती किती आहेत? तुमचा शब्द पहिला तिथं मोडेल. कपात तुमच्या हातात नाही, मग शब्द तुम्ही का द्यायचा? मालकांनी द्यावा, सही करून, नोटीस बोर्डावर.

मी असतो तर पदव्या सांगितल्याच नसत्या. एवढंच म्हणालो असतो: ‘मला मालकांनी नेमलंय, पैसे तेच देतात. आठ आठवडे इथं आहे. गाडी गेटात आल्यापासून माल भरून बाहेर पडेपर्यंत कुठं कुठं थांबते, ते बघणार. अहवालात कामं लिहीन, नावं नाही. मालकांच्या आधी तुमच्यातल्या दोघांना तो वाचायला देईन.’ शेवटच्या दोन गोष्टी मात्र मालकांकडून आधी कबूल करून घ्या. आणि तुमची फी पगारातल्या बचतीवर ठरलेली असेल, तर काहीही बोला, महिन्याभरात सगळ्यांना कळतं.

स्टोअरवाला: आमच्याकडं बी असाच एक साहेब आलता. ‘मी तुमच्यातलाच’ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन माझ्या मागं! मी मालाच्या नोंदीचं बिन-कार्ड भरायला मुद्दाम दुप्पट वेळ लावला. सगळ्यांनीच लावला. अहवालात आलं, माणसं कमी पडत्यात. दोन नवी भरली. वर्षाच्या आत सहा काढली.

रंकाळा_संध्याकाळ: ओळख मराठीतच करा, प्रोजेक्टर नको. चहा आधी द्या, भाषण नंतर.

पन्हाळा_रोड: @निवृत्त_एचआर, नावं लिहिणार नाही म्हणता, पण गेटपास लिहिणारा एकच असेल तर काम लिहिलं काय नि नाव लिहिलं काय?

निवृत्त_एचआर: खरंय. तिथं माझी युक्ती लंगडी पडते. त्या माणसाला सोमवारच्या आधी एकट्याला गाठा, एवढंच सुचतं. अशा वेळी तो गेटपास थांबतो तो बहुतेक वरच्या सहीसाठी, आणि शिव्या खालच्याला बसतात.

नवा_सल्लागार: 34 पैकी 11 ठेकेदाराचे आहेत. फी ठराविक आहे. पण नेमणुकीच्या पत्रात ‘मनुष्यबळ योग्य पातळीवर आणणे’ असं एक कलम निघालं, मी ते नुसतं चाळलं होतं. शनिवारी मालकांना भेटतोय.

स्टोअरवाला: ते कलम सोमवारी वाचून दाखवणार का साहेब?