मदत हवी आहे: लग्नाआधीच्या करारातलं घर आणि कर्जाचं कलम

आमचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय आणि मालमत्तेच्या कराराचा मसुदा हातात आहे. त्यातल्या एका कलमाशी मी अडले आहे.

घर त्याने आधीच घेतलंय, त्याच्याच नावावर. किमतीच्या 40 टक्के रक्कम त्याने भरली, उरलेलं कर्ज. लग्नानंतर हप्ता आम्ही दोघांच्या पगारातून, निम्मा-निम्मा भरणार. मसुद्यात मात्र एवढंच आहे: 'लग्नापूर्वीची मालमत्ता ज्याची त्याची राहील.' मग माझ्या हप्त्यांचं काय? त्याचे 40 टक्के त्याचेच, हे मला मनापासून मान्य आहे. पण पुढच्या हप्त्यांतली मुद्दल आणि त्या प्रमाणात वाढलेली किंमत दोघांत वाटली जावी, असं नेमक्या शब्दांत कसं लिहायचं?

दुसरं, 'कर्ज ज्याचं त्याचं' असं लिहिलंय, आणि बँक मला सहकर्जदार व्हायला सांगतेय. करार आमच्या दोघांतला. बँकेला तो बांधत नाही, ती माझ्याकडून वसूल करणारच. तेव्हा 'तिला भरावं लागलं तर त्याने भरपाई द्यावी' हे वाक्य वेगळं घालावं ना?

वकील एकच आहे, त्याचा. बऱ्याच ठिकाणी न्यायालयं पाहतात की दोघांनी मालमत्ता आणि देणी पूर्ण उघड केली होती का, स्वतंत्र सल्ला आणि पुरेसा वेळ मिळाला होता का. कुठे असा करार मुळातच बंधनकारक नसतो. मी माझा वकील घेतला तर मसुदा नव्याने करावा लागेल, की दुरुस्त्या पुरतील? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.