मदत हवी आहे: रोजच्या काढ्यानं पोटात जळजळ, आणि आता एसजीपीटी वाढलेलं

सायली४६
जूनमध्ये घरात सगळ्यांना सर्दी-खोकला झाला, तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी काढा घेते आहे. दहा-बारा तुळशीची पानं, पंधराएक मिरे भरड कुटून, एक चमचा शीग भरून सुंठ, सगळं दोन कप पाण्यात निम्मं होईपर्यंत उकळायचं. पहिले दोन महिने छान वाटलं. आता ऑक्टोबरपासून छातीच्या खाली जळजळतं, रात्री आंबट पाणी वर येतं. ऑफिसच्या तपासणीत एसजीपीटी ९६ आलं, रिपोर्टवर ४० पर्यंत लिहिलंय. बिलिरुबिन नॉर्मल आहे. दारू नाही. दोन्ही काढ्यामुळेच असेल का? डॉक्टरांची वेळ सोमवारी मिळाली आहे, तोवर जीव टांगणीला लागलाय.

गवतीचहा
काढ्यात चार मनुका आणि खडीसाखर घाला, उष्णता कमी होईल. मीही तसंच करते. पण लिव्हरचं मनातून काढून टाका. झाडपाल्यानं लिव्हर बिघडत नाही, ते गोळ्यांनी बिघडतं.

खलबत्ता
मी वैद्य आहे. मनुकांचं बरोबर आहे, दुसरं अजिबात नाही. झाडपाल्यानंही यकृताला इजा होते, आणि तसे रुग्ण मी पाहिलेत.

आधी पोटाचं बघू. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं जो क्वाथ सांगितला, त्यात तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी १ भाग. असं मिश्रण ३ ग्रॅम, १५० मिली पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. म्हणजे एका वेळी मिरी जेमतेम तिसरा हिस्सा ग्रॅम, सहा-सात दाणे. सुंठ पाऊण ग्रॅमच्याही आत. तुमचे मिरे दुप्पट आहेत आणि शिगोशीग चमचा सुंठ म्हणजे त्याच्या तिप्पट तरी. तेही आटवून आणि उपाशीपोटी. मिरीनं जठरात आम्ल जास्त सुटतं. पावसाळ्यात तुम्हाला मानवलं ते शरदाच्या उन्हात, पित्ताच्या दिवसांत, तसंच चालू राहिलं. कफावरचं औषध कफ सरला की थांबवायचं असतं.

यकृताबद्दल मला एकच विचारायचंय: काढ्यात याशिवाय काही पडतं का? एवढ्या तीन वस्तूंवर मी सहसा संशय घेणार नाही.

मंदार_पी
मलाही अशीच जळजळ व्हायची. मी सकाळी पॅन्टोप्राझोल घेतो आणि अर्ध्या तासानं काढा. काही त्रास नाही. कुठली कंपनी चांगली ते हवं असेल तर सांगतो.

खलबत्ता
मंदार, कृपा करून असं करू नका. जळजळ हीच काढा जास्त होत असल्याची खूण आहे, ती गोळीनं दाबून तोच काढा पुढे कशाला ढकलायचा?

सायली४६
तुम्ही विचारलंत म्हणून डबा काढून वाचला. ऑगस्टपासून एका ओळखीच्या बाईंकडून आणलेली गुळवेलीची पूड अर्धा चमचा घालते, ते लिहायचंच राहिलं. तिला मी काढ्यात धरलंच नव्हतं.

खलबत्ता
मग सोमवारी हे पहिल्या वाक्यात सांगा, डबाही सोबत न्या. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. काहींच्या यकृताचं रूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, खऱ्या गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल असं म्हटलं. तो वाद मी इथे सोडवू शकत नाही. पण सुट्या पुडीत कोणती वेल आहे हे ना तुम्हाला कळेल, ना मला डोळ्यांनी. थायरॉइड किंवा संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार असेल तर जास्तच जपा.

आजपासून सगळंच बंद. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा अन्नावरची वासना गेली, तर सोमवारची वाट पाहू नका.

सायली४६
थायरॉइडची गोळी चालू आहे. आईही हाच काढा घेते आणि तिला रक्त पातळ करायची गोळी आहे.

खलबत्ता
आईचाही थांबवा आणि त्यांच्या डॉक्टरांना कळवा. मिरीतल्या पायपरिनमुळे काही औषधं रक्तात नेहमीपेक्षा जास्त चढतात. फिटच्या फेनिटॉइनबाबत हे दिसलेलं आहे. आईंची गोळी कोणती ते पाहूनच पुढचं ठरेल.

सायली४६ (पाच आठवड्यांनी)
जळजळ आठवड्यात गेली. एसजीपीटी ९६ वरून ५१. पण सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, आणि मी याच काळात गोडही सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, गुळवेल होती की चरबी, हे आत्ता छातीठोक सांगता येणार नाही, ऑटोइम्यूनची रक्तचाचणी करू आणि सहा आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा बघू. गुळवेल परत सुरू करून पाहायची नाही असं बजावलंय.

गवतीचहा
माझ्या पुडीतही गुळवेल आहे. उद्याच तपासणी करून घेते.