मदत हवी आहे: होलसेलरला सणाचा माल लवकर आणि उधारी वाढवून मागायचीये, पत्र कसं लिहू?

लहान मुलांच्या तयार कपड्यांचं दुकान आहे. मागच्या सणाला ऑर्डर उशिरा दिली तर चालणारे साइज संपलेले होते, जे आले ते गळ्यात पडले. म्हणून यंदा ६० दिवस आधी माल हवाय, पण उधारी ३० दिवसांची आहे, म्हणजे बिल सणाच्या महिनाभर आधीच भरायचं आणि तेव्हा तर विक्री सुरूही झालेली नसते. पत्रात लिहिलंय, "माल लवकर पाठवावा व पेमेंटमध्ये सवलत द्यावी ही विनंती". चारही होलसेलरना हेच पाठवू का?

गल्ल्यावरून: सरळ ९० दिवस मागा, घासाघीस होऊन ६० वर येतील.

जुना हिशेबनीस: ६० मिळाले तरी ड्यू डेट बरोबर सणाच्या दिवशीच येते, ऐन गर्दीत पैसे काढणार का? मी होलसेलच्या काउंटरवर वसुली बघायचो. "सवलत" वाचलं की दुकानदार भाव कमी मागतोय असं आम्ही समजायचो. दिवस नका मागू, तारीख मागा. पाव रक्कम ३० दिवसांनी नेहमीसारखी, उरलेली सणानंतर १५ दिवसांनी. मधे पाव रक्कम वेळेवर येते म्हटलं की समोरच्याचाही धीर टिकतो.

आणि उधारीच्या लिमिटचं कोणी लिहीतच नाही, खरा माल तिथेच अडतो. समजा लिमिट १०० आहे आणि पहिली ऑर्डर ८० ची. सणाच्या तोंडावर रिपीट ऑर्डर ४० ची दिली तर २० च जागा, माल गोडाऊनमधून निघतच नाही. पाव म्हणजे २० आधी भरले तर बाकी ६० राहते आणि ४० बरोबर बसतात. त्याहून जास्त उचलणार असाल तर सणापुरती लिमिट वाढवा, अमुक तारखेला परत पूर्ववत, असं स्पष्ट लिहा.

शिवणयंत्र: मला तर होलसेलर उधार देतच नाही, आधी पैसे मग माल. नवीन दुकानाला कोण देणार?

जुना हिशेबनीस: ताई, तुमचं वेगळं आहे, आधी दोन-तीन छोटी बिलं वेळेवर भरा मग मागा. यांचं खातं जुनं आहे. आणि हो, चौघांना एकच पत्र नको, प्रत्येकाला त्याच्याच खात्यातली मागची बिलं किती दिवसांत भरली ते लिहा. एखादं लेट झालं असेल तर तेही आपणच सांगा, त्याच्या लेजरला दिसतंच.

धागाकर्ता: खूप आभार दादा! असं बदललं: "सोबतच्या यादीप्रमाणे साइजवार माल सणाच्या ६० दिवस आधी मिळावा. बिलाची पाव रक्कम ३० दिवसांत आणि उरलेली सणानंतर १५ व्या दिवशी भरेन. मागच्या सणाचं एक बिल आठ दिवस लेट झालं होतं, बाकी सगळी मुदतीत आहेत." न खपलेला माल परत घ्याल का हेही यातच विचारू?

गल्ल्यावरून: विचारा की, नाही म्हणाले तर म्हणाले.

जुना हिशेबनीस: मी नसतं विचारलं. उधारीही वाढवून आणि मालही परत, म्हणजे सगळी जोखीम त्याचीच झाली. फार तर साइज बदलून मागा, तेही सणाआधी, नंतर त्याच्याकडून ते कोण घेणार.

धागाकर्ता: पण उरलेला माल हीच माझी मोठी भीती आहे हो. चौघांपैकी एकाशी जुने संबंध आहेत, त्याला फोनवर विचारून बघते.