अनुभव धागा: गेम चालू असताना ‘डिव्हाइस रिमूव्ह्ड’, तुमच्याकडे कशानं झालं?

परभणीवाला (धागा काढणारा)
पडदा गोठतो, दोन-तीन सेकंद काळा होतो आणि गेम बंद पडून पाटी येते: `DXGI_ERROR_DEVICE_REMOVED`, `0x887A0005`. आता कार्ड तर जागच्या जागी आहे, कुणी काढलं बाबा ते? पीसी चालूच राहतो, गेमच तेवढा जातो. २२० वॅटचं कार्ड आहे, एसएमपीएस ५०० वॅटचा, कॅबिनेटसोबत आलेला. ज्यांना हे झालंय त्यांनी आपापले अनुभव लिहा.

नांदेडकर
गर्मी! दुसरं काही नाही. मागच्या मे महिन्यात माझं पण असंच व्हायचं. कार्ड उघडलं तर पंख्यांवर कापसाची गादी, घराजवळ जिनिंग आहे ना. साफ केलं, पेस्ट बदलली, बंद झालं.

लातूरची मी
मलापण डायरेक्टएक्सचा त्रास आहे. जुना गेम सुरूच होत नाही, `d3dx9_43.dll` सापडत नाही म्हणतो. कार्ड बदलावं का?

जालना दुरुस्तीवाला
लातूरच्या ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. जुन्या गेमला लागणारी फाइल नाही, एवढंच. मायक्रोसॉफ्टचं जुनं डायरेक्टएक्स रनटाइम टाका, कार्डाला हात लावू नका.

परभणीवाले, कार्ड कुणी काढत नसतं. कार्डानं साधारण दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर नव्यानं सुरू करतं, आणि गेमला सांगितलं जातं की तुझं कार्ड गेलं. म्हणजे ही पाटी निकाल सांगते, कारण सांगत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याच मिनिटाला `Display` ची `4101` नोंद आहे का बघा. पीसीच धाडकन बंद झाला असता तर `Kernel-Power 41` दिसली असती.

नांदेडकर, तुमचं खोटं नाही. पण कार्ड तापलं की आधी स्वतःच वेग कमी करतं, गेम अडखळायला लागतो. थेट पडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं. कार्डाची मेमरी तापत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, आणि ते तापमान सगळी कार्डं दाखवतही नाहीत.

बीडवरून
रजिस्ट्रीत `TdrDelay` ८ करा, विषय संपला. मी केलंय.

जालना दुरुस्तीवाला
दोन सेकंदांऐवजी आठ सेकंद वाट बघणार, एवढंच झालं त्यानं. कार्ड खरंच अडकलं असेल तर आठ सेकंद गोठलेला पडदा बघत बसायचं. काम जड असल्यानं कार्डाला उशीर होत असेल तरच उपयोग.

बीडवरून
हां, गोठतो जरा जास्त वेळ. पण पडणं कमी झालंय राव.

हिंगोलीहून
माझं ड्रायव्हरमुळं होतं. नवा टाकला त्याच रात्रीपासून एकाच गेममध्ये, एकाच नकाशावर पडायचा, बाकी गेम तासन्‌तास चालायचे. सेफ मोडमध्ये डीडीयूनं ड्रायव्हर पुसला, मागचा टाकला. तेव्हापासून एकदाही नाही.

परभणीवाला
`4101` सापडली, सात-आठ वेळा. आणि एक गंमत दिसली: सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते नऊच्या मधल्या. दुपारी ४२ अंशांत खेळायलो होतो तेव्हा एकदाही नाही! गेमपण दरवेळी वेगळा.

जालना दुरुस्तीवाला
मग गर्मी मागं पडली, ड्रायव्हरही. संध्याकाळी तुमच्याकडं व्होल्टेज किती असतं?

परभणीवाला
स्टॅबिलायझरचा काटा १८० च्या आसपास. ट्यूब मिणमिणते.

जालना दुरुस्तीवाला
आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्के करा आणि फ्रेम ६० वर बांधा. कार्ड क्षणभर आपल्या वॅटच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, हलका एसएमपीएस त्याच क्षणी मान टाकतो. तीन संध्याकाळी खेळून बघा.

परभणीवाला
तिन्ही संध्याकाळी एकदाही नाही पडला. म्हणजे एसएमपीएसच ना?

जालना दुरुस्तीवाला
घाई नको. लिमिट कमी केली की वेगही उतरतो, तापमानही. कार्डच कच्चं असलं तरी असंच दिसेल. लिमिट परत १०० करा, कुणाचा तरी चांगला एसएमपीएस एका संध्याकाळसाठी मागून आणा, आणि तुमच्या त्याच वेळेला खेळा.

परभणीवाला
मावसभावाचा ६५० वॅटचा आणला. चार संध्याकाळ झाल्या, लिमिट १००, काटा तसाच १८० ला, गेम एकदाही पडला नाही. आता तसलाच घेणार.

हिंगोलीहून
कार्डाला केबल किती लावल्या? माझ्या मित्राचा एसएमपीएस ठीक होता, एकाच केबलच्या दोन टोकांवर कार्ड चालवायचा. दोन वेगळ्या लावल्या आणि थांबलं.

परभणीवाला
अरे! जुन्याला एकच केबल होती, तिलाच दोन टोकं. ह्याला दोन वेगळ्या लावल्यात.

जालना दुरुस्तीवाला
मग कशानं थांबलं हे आता नक्की सांगता येणार नाही. ६५० वॅटच्यावर कार्ड मुद्दाम एकाच केबलनं लावून बघता का?

परभणीवाला
नाही ओ. उद्या तो भावाला परत द्यायचाय.