अनुभव धागा: नागपूरहून प्राण्याला सोबत घेऊन प्रवास

आमची लॅब्राडॉर 28 किलोची. डिसेंबरात तिला घेऊन मुंबईला जायचं आहे. नागपूरहून सुटणारी बहुतेक विमानं इंडिगोची, आणि ते सेवा-श्वान सोडून प्राणी घेत नाहीत. ज्यांनी स्वतः नेलंय त्यांनी कसं नेलं, कागद कोणते लागले, कुठे अडलं, सगळं लिहा. मुक्कामाचंही सांगा.

धरमपेठची काकू
आम्ही आमच्या बीगलला विदर्भ एक्सप्रेसनं नेलं. कुत्रा सोबत ठेवायचा असेल तर फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचं अख्खं केबिन आपल्याकडे हवं. टू टियर, थ्री टियर, स्लीपर विसरा. आम्ही एकाच पीएनआरवर दोन तिकिटं काढली आणि कूपे मिळावा म्हणून रेल्वेच्या मंडल कार्यालयात, वाणिज्य विभागात अर्ज दिला. अर्ज दिला म्हणजे कूपे मिळालाच असं नाही, ते चार्ट लागल्यावरच कळतं. ही गाडी गोंदियाहून सुटते, त्यामुळे चार्ट तिथल्या वेळेवर लागतो. नागपूरची वेळ धरून बसू नका.

चार्टमध्ये कूपे दिसला की तिकीट आणि लसीचं कार्ड घेऊन पार्सल ऑफिसला जायचं. तिथे कुत्र्याचं वजन करून पावती देतात. ती पावती म्हणजेच त्याचं तिकीट, टीसी तीच मागतो. त्या खिडकीवर रांग असते, म्हणून दोन-तीन तास हाताशी ठेवा. कूपे न मिळाल्यास कुत्रा ब्रेकव्हॅनच्या डॉग बॉक्समध्ये जातो. उन्हाळ्यात तो लोखंडी कप्पा भट्टी होतो. मी तरी मे महिन्यात तसं पाठवणार नाही, त्यापेक्षा तिकीट रद्द करीन.

मनीचा बाबा
आमची मांजर आहे, म्हणून मी विमानाचं सांगतो. वजनाची मर्यादा प्राणी आणि पिशवी मिळून असते, हे आधी डोक्यात घ्या. अकासानं नोव्हेंबर 2022 मध्ये प्राणी घ्यायला सुरुवात केली तेव्हा केबिनसाठी 7 किलो होते, पुढे 10 केले. मनी 5 किलो 200 ग्रॅम आणि टणक पिंजरा 2 किलोचा, म्हणजे 7 किलो 200. सात किलोवाल्या कंपनीच्या काउंटरवर 200 ग्रॅमसाठी अडलो असतो. मऊ कापडी कॅरिअर 1 किलोचा घेतला, 6 किलो 200 झाले. घरच्या वजनकाट्यावर मनीला पिशवीसकट ठेवूनच पाहा.

तिच्यासाठी फोन करून जागा सांगावी लागते, कारण एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. आणि झोपेची गोळी द्या, रस्ताभर त्रास नाही.

सेमिनरी हिल्सवाली
मी पशुवैद्य आहे. बाकी सगळं बरोबर, पण गोळी नका देऊ. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो आणि शरीराला तापमान सांभाळता येत नाही. गुंगीतला प्राणी दिसला की बऱ्याच कंपन्या चढूच देत नाहीत. पिंजऱ्याची सवय दोन-तीन आठवडे आधी लावा, रोज त्यातच जेवू घाला. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांना तर सामानाच्या कप्प्यात पाठवूच नका, यांचा श्वास उष्णतेत लवकर अडकतो.

माझ्याकडे लोक येतात ते बहुतेक लसीच्या कार्डावरच अडतात. रेबीजच्या लसीची तारीख, लशीचं लेबल आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तिन्ही त्याच पानावर हवेत. पिलाला पहिलीच लस दिली असेल तर साधारण 30 दिवस उलटल्यावर प्रवास ठरवा. फिटनेस प्रमाणपत्र मात्र शेवटी घ्या. ते किती दिवसांपूर्वीचं चालेल हे प्रत्येक कंपनी वेगळं ठरवते, आधीच काढलं तर ऐनवेळी शिळं होतं. आमच्याकडे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथे तपासून घेता येतं.

रामदासपेठ
माझ्याकडे पोपट आहे बा, हिरवा. त्याला विमानात नेता येते का?

सेमिनरी हिल्सवाली
हिरवा देशी पोपट वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे. तो पाळणंच बेकायदा, मग प्रवासाचा कागद कुठून देणार? वनविभागाशी बोला.

मानेवाड्याचा दादा
मुक्कामाचं मी सांगतो. मुंबईचं नाही, आमच्या पेंचचं. बुकिंगच्या पानावर 'पेट फ्रेंडली' लिहिलं म्हणून जाऊ नका, फोन करून तीन गोष्टी विचारा: कुत्रा खोलीत राहील की बाहेरच्या पिंजऱ्यात, वजनाची अट आहे का, आणि आपण जेवायला गेलो तर त्याला खोलीत एकटं ठेवता येतं का. आम्हाला पोचल्यावर सांगितलं की तो आवारातल्या पिंजऱ्यात राहील. त्या भागात बिबट्या कुत्र्यावर झडप घालतो, म्हणून रात्री बाहेर बांधणं मान्य नव्हतं. मॅनेजरशी बोलून शेवटी खोली मिळाली, जादा पैसे भरून.

सफारीला कुत्रा नेता येत नाही, गेटवरच थांबवतात. आम्ही आळीपाळीनं सफारी केली.

धरमपेठची काकू
लॅबवाल्या ताई, 28 किलोच्या कुत्रीसाठी कूपेच बरा. पण डिसेंबरात फर्स्ट एसी पटकन भरतो, तिकीट आजच पाहा. परतीचा कूपे मुंबईहून कोणत्या कार्यालयात मागायचा, ते मला नीट माहीत नाही. आम्ही गाडी करून परतलो होतो. कोणी तिकडून आलंय का?