वीस जणांनी 'हार्दिक शुभेच्छा' टाकून झाल्यावर तुम्ही काय लिहिता? अनुभव सांगा

मुठाकाठ
आज शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एका मैत्रिणीचा वाढदिवस. मी ग्रुप उघडेपर्यंत एकाखाली एक वीसेक 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' पडलेल्या. केक, पुष्पगुच्छ, 'जीवेत शरदः शतम्'. आणि एकदम बाबांची पंचाहत्तरी आठवली.

तेव्हा घरच्या ग्रुपवरही असंच झालं होतं. जेवणं झाल्यावर बाबा चष्मा लावून बसले आणि अंगठ्याने भराभर सरकवत गेले. मजकूर वाचतच नव्हते, कोणाकोणाचे आले एवढी नावं बघत होते. मग एका ठिकाणी थांबले. माझ्या आत्तेबहिणीने लिहिलं होतं:

'मामा, पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे ना? आई सांगायची की शनिवार पेठेतल्या घरातून सगळे निघाले आणि तुम्ही दप्तर सोडून पतंगाची फिरकी घेऊन पळालात. खरं का हो? पंचाहत्तरीच्या खूप शुभेच्छा.'

बाबांनी फोन तोंडाजवळ धरला आणि चार मिनिटं बोलले. फिरकी नव्हतीच म्हणे, शेजारच्या आजींची मांजर होती, आणि ती ओंकारेश्वरापासून थेट पर्वतीच्या पायथ्यापर्यंत ओरबाडत होती! त्यावर काकांनी त्यांची आठवण टाकली, मग आत्याने. १२ जुलै १९६१ची ती दुपार आम्हा पोरांना पहिल्यांदाच नीट कळली. बाकी सगळ्यांना रात्री एकच उत्तर गेलं, 'सर्वांचे मनःपूर्वक आभार 🙏'.

तुम्ही काय करता? काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा.

बावधनकर
सोप्पंय. रात्री बाराला पहिला मेसेज आपला. मी गजर लावतो. पहिला तो पहिलाच.

कर्वेरोड
मांजर 😂 पर्वतीपर्यंत कडेवर!

आजी_सहकारनगर
मी शाळेतून निवृत्त झालेली बाई आहे, माझ्या वाढदिवसाला जुने विद्यार्थी भरभरून लिहितात, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने सांगते.

बावधनकर, तुमचं अर्धं खरं आहे. न वाचलेल्या मेसेजांची रेघ असते ना, ग्रुप तिथून उघडतो, म्हणून पहिले दोन-तीन दिसतात. मग माणूस थेट तळाशी जातो. मधले सगळे जातात. पण पहिला दिसला तरी त्यात 'वाढदिवसाच्या हार्दिक' एवढंच असेल तर दुपारपर्यंत तोही बाकीच्यांत मिसळतो.

दुसरं म्हणजे, फोन बंद असताना वरच्या पट्टीत मेसेजची फक्त सुरुवात दिसते. वीस मेसेजांची सुरुवात तीच असेल तर मला वीस वेळा तीच ओळ दिसते. त्या आत्तेबहिणीने काय केलं बघा. आधी 'मामा', मग पानशेत, शुभेच्छा अगदी शेवटी. पट्टीतच कळलं की हे माझ्यासाठी लिहिलंय. आणि प्रश्न विचारला. प्रश्नाला आभार मानून चालत नाही, उत्तर द्यावं लागतं.

माझा एक विद्यार्थी दरवर्षी एकच ओळ लिहितो, 'बाई, अजून भागाकार मांडताना तुमची फुली आठवते.' दरवर्षी तीच, पण दुसऱ्या कोणाची नाही.

रविवारपेठ
ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या चित्रांनी माझा फोन भरलाय, जागा नाही म्हणतोय. यावर उपाय काय? आमच्या ग्रुपवर तर वाढदिवसाला प्रत्येक जण केकचा व्हिडिओ टाकतो.

कर्वेरोड
@रविवारपेठ सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथे ऑटो डाउनलोड बंद करा. नुसतं गॅलरीत दिसणं बंद केलं तर जागा वाचत नाही, फाइल फोनमध्ये येतेच.

पोळ्या_झाल्या_की_येते
मुठाकाठ, वाचून गलबलले. माझा अनुभव वाढदिवसाचा नाही, चालेल ना. सासूबाई गेल्या तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' एकाखाली एक येत होते. कोणाचा राग नाही, लोक दुसरं काय लिहिणार. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, 'उद्या सकाळी अकराला चार जणांचा डबा आणते. पिठलं-भात, तिखट कमी. दार वाजवणार नाही, हँडलला पिशवी लावून जाईन.' तेवढा एकच मेसेज मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

मुठाकाठ
@पोळ्या_झाल्या_की_येते चालेल काय, हेच तर हवं होतं. काकूंना माझा नमस्कार सांगा.

आजी_सहकारनगर
पिशवी हँडलला. किती विचार केला त्या बाईने.

डेक्कन_जिमखाना
थोडं वेगळं मत. जुनी आठवण सगळ्यांसमोर काढणं प्रत्येकाला सोसत नाही. आईच्या साठीला मावसभावाने ग्रुपवर जुना फोटो टाकला, त्यात बाबा होते. बाबांना जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता. आई फोन ठेवून आत गेली, नंतरच्या शुभेच्छा तिने बघितल्याच नाहीत. असं काही असेल तर वेगळा मेसेज करावा, नाहीतर फोन.

कर्वेरोड
पण वेगळा मेसेज केला तर ग्रुपवरचे म्हणतात, 'याने साधं विशही केलं नाही.' आमच्याकडे यावरून रुसवे झालेत.

डेक्कन_जिमखाना
होतात खरे. मी ग्रुपवर आधी कोणीतरी लिहिलेल्या मेसेजवर बदाम देतो आणि खरं ते वेगळं लिहितो. सगळ्यांना पटतं असं नाही.

बावधनकर
फॉरवर्डचं विसरलात. सुंदर कविता पाठवली तरी वर बाणाची खूण येते. कळतंच की ढकललंय.

आजी_सहकारनगर
म्हणून काही जण कॉपी करतात. पण एकाहून जास्त मेसेज निवडून कॉपी केले की मूळ पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळही चिकटून येते. मला एकदा 'आदरणीय बाई' असा मेसेज आला, आणि वर तिसऱ्याच कोणाचं नाव, आदल्या दिवशीची तारीख!

नवी_सूनबाई
बरं झालं धागा सापडला. पुढच्या आठवड्यात सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, कुटुंबाच्या ग्रुपवर साठ जण. मी लिहिलंय ते बघता का: 'सहस्रचंद्रदर्शनाच्या मनःपूर्वक शुभेच्छा अप्पा, आपणांस उत्तम आरोग्य लाभो हीच ईश्वरचरणी प्रार्थना.'

आजी_सहकारनगर
साठांपैकी चाळीस जण हेच लिहितील गं. अप्पा काय करायचे?

नवी_सूनबाई
वीज मंडळात. सायकलवरून मीटर बघत पेठांतून फिरायचे. कुठल्या वाड्यात कुठल्या जिन्याखाली मीटर आहे ते अजून सांगतात. मला लग्नानंतर फ्यूजची तार बदलायला त्यांनीच शिकवलं.

आजी_सहकारनगर
मग हेच लिही की.

नवी_सूनबाई
'अप्पा, परवा दिवे गेले तेव्हा तुम्ही शिकवल्यासारखी आधी मेन बंद केली, मग तार बदलली. पेठांतलं सगळ्यात अडचणीतलं मीटर कुठल्या वाड्यात होतं हो? सहस्रचंद्रदर्शनाच्या शुभेच्छा.' एवढं बास?

मुठाकाठ
बास. सकाळच्या गर्दीत टाकू नकोस, त्या दिवशी होमाची गडबड असेल. पाहुणे गेले, ते निवांत बसले की टाक.

बावधनकर
मी तर म्हणतो बाराला टाक.

नवी_सूनबाई
बाराला अप्पा झोपलेले असतात हो. संध्याकाळीच टाकते.

रविवारपेठ
ऑटो डाउनलोड बंद केलं. पण आधीचे व्हिडिओ एकेक करून काढायचे का?

कर्वेरोड
नाही, तिथेच मॅनेज स्टोरेज आहे. ५ एमबीहून मोठे एकत्र दिसतात, तिथून एकदम काढा. लग्नाचे बिग्ने तेवढे बघून घ्या आधी.